वडिलांच्या वहीचं पान, मराठी-इंग्रजी अक्षर आणि न लागणारे शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत मोंढ्याजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज आणि प्रतिज्ञापत्रांच्या जोडीला आता वह्यांचे फोटोही येतात. वडील गेलेले असतात, त्यांची शेताची वही सापडते आणि मुलगा फोनवर फोटो पाठवून म्हणतो, "ताई, एवढं पान टाइप करून द्या." पान अर्धं मराठीत असतं, अर्धं इंग्रजीत. पाच-सहा शब्द लागत नाहीत. ते शब्द ज्याच्या-त्याच्या मनानं भरले जातात आणि मग वही वडिलांची राहत नाही. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथं लिहिली आहेत. उदाहरण म्हणून जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या वहीचं एकच पान शेवटपर्यंत धरलं आहे. त्यांना घरात अण्णा म्हणायचे. त्यांच्या मुलानं पान वापरायला परवानगी दिली आहे.

फोटो कसा काढून पाठवायचा?

दिवसाच्या उजेडात, दारात किंवा खिडकीपाशी, फ्लॅश न लावता. वही सपाट ठेवा आणि फोन पानाच्या बरोबर वर धरा. एक फोटो अख्ख्या पानाचा घ्या. मग वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग जवळून घ्या. पानाच्या मागच्या बाजूचाही एक फोटो हवा. तो का लागतो ते पुढं येईलच.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकारानं लहान होतो आणि बारीक अक्षर फुटतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर जसा काढला तसाच येतो. फोनमधल्या स्कॅनरनं पान पांढरंशुभ्र करून पाठवू नका. दिसायला ते छान दिसतं, पण कागदाचा डाग म्हणून तो पेन्सिलची फिकट रेघ पुसतो, अनुस्वार पुसतो आणि आकड्यातला दशांशाचा टिंबही पुसतो. २.५ चे २५ झाले तर ते वाचणाऱ्याला कळायचा मार्गच उरत नाही.

ते उदाहरणाचं पान नेमकं कसं आहे?

निळ्या बॉलपेननं लिहिलेलं आहे. वरच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग पडलाय, मध्ये एक वंगणाचा ठिपका आहे आणि खालचा कोपरा घडीवर झिजलाय. पहिल्या वाचनात जे दिसलं ते खाली दिलं आहे. जिथं अक्षर लागलं नाही तिथं काळा चौकोन आहे.

```
12/7   खालचं रान
Im■   ■0 / पंप   १५ लि.
तूर BDN 71■   2 bag
उचल   ५००
      1■00
      २०००
      ४०००
पाणी द्यायलो रात्री   Motor ■■■
```

आठ ओळींच्या पानात पाच जागा अडलेल्या आहेत. मुलाला हे पान दोन कारणांसाठी हवं होतं. सालगड्याला दिलेली उचल किती, याचा हिशोब मिटवायचा होता. आणि अण्णा ज्या पद्धतीनं फवारणी करायचे, त्याच पद्धतीनं त्याला यंदा करायची होती. दुसरं कारण ऐकल्यावर मी खुर्ची पुढं ओढून बसले.

लगेच टाइप करायला का बसायचं नाही?

कारण तुम्ही अजून त्या माणसाचा हात ओळखत नाही. मी आधी अख्खी वही चाळते, एक शब्दही टाइप करत नाही, आणि एका कोऱ्या कागदावर त्यांची अक्षरं गोळा करते. घ आणि ध मध्ये ते फरक कसा करतात? भ ची गाठ सुटली की म दिसतो का? ख लिहिताना र आणि व इतके लांब जातात का, की "खत" चं "रवत" वाचलं जाईल? इंग्रजीत त्यांचे u आणि n एकसारखे आहेत का? i वरचा टिंब ते देतात का, आणि दिला तर तो नेमका वर पडतो की उजवीकडं सरकतो?

हे नमुने ज्या शब्दांबद्दल कुणालाच शंका नाही अशा शब्दांतून घ्यायचे. गावाचं नाव, पिकांची नावं, घरच्या माणसांची नावं. अडलेल्या शब्दातून नमुना घेतला तर शंकाच पुरावा होऊन बसते.

मराठी आणि इंग्रजी मिसळलंय, तर सगळं एकाच लिपीत आणायचं का?

नाही. "स्प्रे" देवनागरीत लिहिलं असेल तर देवनागरीतच ठेवायचं आणि `Spray` रोमन अक्षरांत असेल तर तसंच. स्पेलिंग चुकून `Sprey` झालं असेल तर तेही तसंच राहू द्यायचं. "युरियाची गोणी" असं लिहिताना माणूस कधी `Urea ची` लिहितो, कधी `Ureaची`. मधली जागा दिसते तशी ठेवायची.

हे काटेकोरपणासाठी काटेकोरपण नाही. माणूस कोणत्या लिपीत लिहीत होता हे हातातून गेलं, की पुढचा अडलेला शब्द सोडवायची निम्मी किल्ली जाते. अण्णा औषधांची आणि वाणांची नावं डब्यावरून आणि पिशवीवरून बघून इंग्रजीत लिहायचे, घरचं आणि माणसांचं मराठीत लिहायचे. म्हणून `Motor` च्या पुढं जे अडलंय ते इंग्रजीही असू शकतं आणि मराठीही. पण `Im` च्या पुढचं इंग्रजीच असणार, एवढं तरी धरून चालता येतं.

आकड्यांत एवढं काय अवघड आहे?

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, आणि होताना त्या चुका वाटतही नाहीत. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 घाईच्या हातात सारखेच दिसतात: वर गाठ, खाली शेपूट. देवनागरी ४ ची वरची तोंडं जवळ आली की तो इंग्रजी 8 वाटतो. देवनागरी ५ आणि इंग्रजी 4 यांच्यात तर मी स्वतः कितीतरी वेळा फसले आहे. म्हणजे "१५" हे एखाद्याच्या हातात "94" वाचलं जाऊ शकतं आणि दोन्ही आकडे म्हणून बरोबरच दिसतात. शब्द चुकला तर वाक्य खटकतं. आकडा चुकला तर काहीच खटकत नाही.

याउलट ०, २ आणि ३ दोन्ही लिप्यांत जवळपास एकच. तिथं किमतीची शंका नसते, फक्त लिपी कळत नाही. अशा वेळी शेजारच्या आकड्याची लिपी धरायची. शेजारी काहीच नसेल तर वही ज्या लिपीत जास्त आहे ती घ्यायची आणि वहीच्या सुरुवातीला तसं एकदा लिहून ठेवायचं.

मग आकड्यांचे खात्रीचे नमुने कुठून आणायचे?

क्रमानं लिहिलेल्या तारखांतून. अण्णांच्या वहीत पावसाच्या नोंदीचं एक पान होतं. समासात वरून खाली १ ते ३१ तारखा देवनागरीत आणि पुढं "भुरभुर", "चांगला", "निरंक" असं लिहिलेलं. १४ आणि १६ च्या मध्ये जो आकडा आहे तो १५ च असणार, त्यात वाद नाही. त्या एका पानातून मला त्यांच्या सगळ्या देवनागरी आकड्यांचे नमुने मिळाले.

इंग्रजी आकड्यांसाठी मुलाचा मोबाइल नंबर कामाला आला. अण्णांनी तो पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला होता आणि मुलाला तो अर्थातच पाठ होता. दहा आकडे, दहाही खात्रीचे. त्यातला 4 ते पेन उचलून दोन रेघांत काढतात आणि उभी रेघ आडवीला छेदून खाली जाते. पावसाच्या पानावरचा ५ मात्र एका झटक्यात, पेन न उचलता काढलेला. एवढा फरक पुरेसा आहे.

तुमच्या वहीत पावसाचं पान नसेल तर दुधाचा रतीब बघा, मजुरांची हजेरी बघा. जिथं आकडे ओळीनं येतात तिथं नमुने मिळतात.

बेरीज जुळवून अडलेला आकडा काढता येतो ना?

कधी कधी येतो, पण बेरीज वाटते तेवढी भरवशाची नसते. हेच पान घ्या. ५००, मग 1■00, मग २०००, आणि खाली ४०००. सरळ वजाबाकी केली तर मधला आकडा 1500 येतो. काम झालं असं वाटतं.

पण पहिला आकडा देवनागरी ५०० नसून इंग्रजी 400 असेल तर? मग मधला 1600 होतो आणि बेरीज तरीही ४०००च येते. दोन्ही वाचनं चोख जुळतात. वंगणाच्या ठिपक्याखाली 5 आहे की 6, हे बेरीज सांगत नाही. ते पहिल्या आकड्याच्या लिपीवर अवलंबून आहे.

म्हणून आधी पहिला आकडा पक्का केला. तो पेन न उचलता काढलेला आहे, म्हणजे पावसाच्या पानावरचा ५. मग ठिपक्याचा जवळून काढलेला फोटो मोठा करून पाहिला. ठिपक्याच्या वरच्या कडेला एक छोटी आडवी रेघ बाहेर डोकावते. इंग्रजी 5 ला ती असते, 6 ला नसते. तेव्हा कुठं मी `1[5?]00` असं लिहिलं, आणि प्रश्नचिन्ह तरीही ठेवलं. कारण खालची बेरीज अण्णांनी मागची बाकी धरून केलेली असू शकते आणि रेघेचा तो तुकडा वंगणाची कडही असू शकते. सालगड्याच्या पैशाचा प्रश्न आहे. शंभर रुपये इकडचे तिकडे करायचा अधिकार टाइप करणाऱ्याला नाही.

अडलेला शब्द नेमका कसा दाखवायचा?

मी चौकोनी कंस वापरते. लिहिणारे गोल कंस स्वतः वापरतात, चौकोनी क्वचितच. त्यामुळे चौकोनी कंसातलं सगळं माझं आणि बाहेरचं सगळं वहीतलं, ही हद्द स्पष्ट राहते. वहीतच चौकोनी कंस असतील तर मी दुसरी खूण घेते आणि तसं पहिल्या पानावर लिहून ठेवते.

एक वाचन बरंचसं पटतंय पण खात्री नाही, तर `[5?]`. दोन वाचनं सारख्याच ताकदीची आहेत, तर `[1/6]`. काहीच लागत नाही, तर `[अस्पष्ट, ३–४ अक्षरं]`. अक्षरांची संख्या आवर्जून लिहायची, कारण उद्या कुणी दुसरा वाचणारा आला तर किती जागा भरायची आहे हे त्याला कळतं. कागदच फाटला असेल तर `[फाटलेलं]`. खोडलेलं पण वाचता येतं, तर `[खोडलेलं: १२००]`. खोडलेला आकडा गाळू नका. आधी १२०० लिहून मग १५०० केले, ही गोष्ट हिशोबात महत्त्वाची असू शकते.

आणखी एक फरक लोक करत नाहीत, तो करायलाच हवा. शब्द वाचता येत नाही ही एक गोष्ट, आणि शब्द स्वच्छ वाचता येतो पण त्याचा अर्थ मला ठाऊक नाही ही वेगळी गोष्ट. दुसऱ्या प्रकाराला कंस घालायचा नाही. तो शब्द आहे तसा टाइप करायचा आणि हवं तर टिपेत विचारायचं. मला न कळलेला शब्द गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सहज कळतो.

मला शेतीची माहिती आहे. औषधाचं किंवा वाणाचं नाव ओळखून पूर्ण केलं तर काय बिघडतं?

माहिती असलेला माणूसच जास्त भरतो. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पहिल्या खेपेला मी तुरीच्या ओळीत सरळ `BDN 711` टाइप करून दिलं होतं. बीडीएन म्हणजे बदनापूर. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचे तुरीचे वाण या नावानं येतात आणि ७११ हे नाव माझ्या कानावरून रोज जायचं. शेवटचा आकडा अडला तेव्हा हातानं तो आपोआप 1 टाकला. मी थांबलेच नाही.

मुलगा पान घेऊन परत आला आणि म्हणाला, "ताई, त्या साली आमच्याकडं लाल तूर झाली होती." बीडीएन ७११ पांढरी असते. त्याच केंद्राचा बीडीएन ७१६ वाण आहे, त्याची तूर लाल. म्हणजे 1 आणि 6 हे दोन्ही आकडे खऱ्या वाणाचे, दोन्ही इथल्या रानातले. मी डाग वाचला नव्हता, माझ्या सवयीचा शब्द लिहिला होता.

मग 6 करून टाकायचा का? तोही नाही. लाल तूर त्याच साली होती की आदल्या साली, हे मुलाच्या आठवणीवर आहे आणि आठवणीची खूण कागदावर नाही. म्हणून ओळीत `BDN 71[1/6]` आणि टिपेत मुलाचं म्हणणं, मुलाच्या नावावर. सोयाबीनमध्येही असंच होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वाणांत एमएयूएस १६२ आहे आणि एमएयूएस ६१२ सुद्धा. आकड्यांची अदलाबदल झाली तरी वाण खराच निघतो. "असा वाण आहे ना?" एवढी तपासणी म्हणून पुरत नाही.

फवारणीच्या ओळीचं काय झालं?

त्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. `Im` स्वच्छ आहे, पुढचं अक्षर पाण्यात पसरलंय आणि त्यापुढं शब्द लिहिलेलाच नाही, अण्णांनी तो तोडून लिहिलाय. ते अक्षर i असेल तर इमिडाक्लोप्रिड, म्हणजे मावा-तुडतुड्यांवरचं कीटकनाशक. a असेल तर इमॅझेथापायर, म्हणजे सोयाबीनमधलं तणनाशक. एकाच अक्षराचा फरक आहे. कपाशीवर ते तणनाशक गेलं तर कपाशी जाते. आणि "खालचं रान" एवढंच लिहिलंय, त्या साली तिथं कपाशी होती की सोयाबीन, ते पानावर नाही.

कुणी म्हणेल, प्रमाणावरून ओळखा. इमॅझेथापायर १० टक्के एकरी साधारण ४०० मिली लागतं, दहा पंपांत वाटलं तर पंपाला ४० मिली. कीटकनाशक पंपाला त्याच्या मानानं थोडकंच लागतं. म्हणजे आकडा 40 असेल तर तणनाशक, 10 असेल तर कीटकनाशक. पण आकड्याचं पहिलं अक्षरही त्याच पाण्यात गेलंय! काही जण अशा वेळी तणनाशक धरतात, म्हणून 40 वाचतात, आणि मग 40 आहे म्हणून तणनाशक पक्कं करतात. दोन अडलेल्या जागा एकमेकींच्या आधारावर उभ्या केल्या की दोन्ही हवेत राहतात.

शेवटी मी मुलाला वहीच घेऊन यायला सांगितलं. पान उलटं केलं आणि टेबलावरचा दिवा बाजूला, कागदाच्या पातळीत धरला. बॉलपेन जोरात दाबून लिहिलं की मागच्या बाजूला त्याचा उठाव येतो. शाई पाण्यानं पसरते, पण हा उठाव बऱ्याचदा टिकतो. मागून उलटा पण स्वच्छ 4 दिसला, दोन रेघांचा, छेदून खाली गेलेला, मोबाइल नंबरमधला असतो तसा. आकडा 40 झाला, शंका संपली, कंस काढला.

नावातल्या अक्षराचा उठाव मात्र मिळाला नाही, तिथं कागद फुगून सपाट झाला होता. 40 मुळे तणनाशकाकडं कल जातो, एवढं टिपेत लिहिलं. ओळीत `Im[a/i]` तसंच राहिलं. मुलाला मी तोंडी सांगितलं की या ओळीवरून फवारणी करू नका, औषधाच्या डब्यावरचं लेबल वाचा आणि कृषी सहायकांना विचारा.

शुद्धलेखन सुधारून द्यायचं का? वाक्य अर्धवट वाटतंय.

शेवटच्या ओळीत "पाणी द्यायलो" आहे. पुण्याकडच्या एका टायपिस्टनं ते "पाणी द्यायला" करून पुढं `[गेलो]` असं जोडून दिलं होतं. त्याला वाटलं, वाक्य तुटलंय. तुटलेलं काहीच नाही. आपल्याकडं "करायलो, जायलो, द्यायलो" म्हणजे करतोय, जातोय, देतोय. अण्णा रात्री पाणी देत होते आणि देता देता लिहीत होते. "द्यायला गेलो" केलं की ती वेळ बदलते आणि बोलीही जाते. त्यानं कंस घातला हे बरंच केलं, पण कंसात घातलेला शब्दही बनवलेलाच.

ऱ्हस्व-दीर्घ, "पानी", "मंग", "लई" हे सगळं जसंच्या तसं ठेवा. वाचणाऱ्याला टायपिंगची चूक वाटेल अशी भीती असेल तर पहिल्या पानावर एकदाच लिहा की लेखन वहीप्रमाणे आहे.

टाइप करताना फोन किंवा संगणक स्वतः काही बदलतो का?

बदलतो. फोनच्या कीबोर्डवरची शब्द सुचवणं आणि आपोआप दुरुस्ती करणं, दोन्ही बंद करा. `Sprey` चं `Spray` तुमच्या नकळत होतं.

दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या खुणांकडं लक्ष ठेवा. संगणकात देवनागरी १ आणि इंग्रजी 1 ही दोन वेगळी अक्षरं आहेत, युनिकोडमध्ये `U+0967` आणि `U+0031`. खताचं प्रमाण १९:१९:१९ लिहिताना मराठी कीबोर्डवरून अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडतो आणि ते १९ः१९ः१९ होतं. डोळ्याला फरक कळत नाही, नंतर शोधायला गेलं की ती ओळ सापडत नाही.

आणि ७/१२ दिसलं की लगेच तारीख समजू नका. "७/१२ आणला" म्हणजे सातबारा आणला. टाइप करताना दोन्ही सारखंच लिहायचं असतं, पण त्यावरून ओळी तारखेप्रमाणे लावायला गेलात तर घोळ होतो.

दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायचं तर कसं?

त्याला तुमचं टाइप केलेलं आधी दाखवू नका. नुसता फोटो द्या आणि त्याचं वाचन स्वतंत्र लिहून घ्या. तुमचं 1500 एकदा वाचलं की त्यालाही ठिपक्याखाली 1500च दिसायला लागतं. मग दोन्ही वाचनं शेजारी ठेवा. जिथं फरक पडेल तिथं कोण शिकलेला आहे यावरून ठरवू नका, नमुन्यांच्या कागदाकडं जा. तिथंही सुटलं नाही तर दोन्ही वाचनं तिरप्या रेघेनं ठेवा.

घरच्यांना विचारताना "हे राजू आहे का?" असं विचारू नका. "इथं काय दिसतंय?" असं विचारा.

वहीत जुनं मोडी किंवा उर्दू पान निघालं तर?

मराठवाड्यात ते निघतंच. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. मला दोन्ही वाचता येत नाहीत, म्हणून मी तिथं `[मोडी, ५ ओळी]` किंवा `[उर्दू, शिक्क्यासह]` एवढंच लिहिते आणि जाणकाराचा रस्ता दाखवते. अशा कागदावर साल १३५७ सारखं असेल तर ते फसली असू शकतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन अंदाजे येतं, पण ते टिपेत लिहायचं, मूळ ओळीत १३५७च ठेवायचं.

पूर्ण झालेलं पान कसं दिसतं?

मुलाच्या हातात शेवटी हे दिलं:

```
12/7   खालचं रान
Im[a/i]   40 / पंप   १५ लि.     [टीप १]
तूर BDN 71[1/6]   2 bag         [टीप २]
उचल   ५००
      1[5?]00                   [टीप ३]
      २०००
      ४०००
पाणी द्यायलो रात्री   Motor [अस्पष्ट, ३–४ अक्षरं]
```

पहिल्या टिपेत मागच्या बाजूच्या उठावाची गोष्ट आणि तणनाशकाकडं जाणारा कल. दुसरीत मुलाची लाल तुरीची आठवण. तिसरीत वंगणाचा ठिपका, आडवी रेघ आणि बेरीज. `Motor` च्या पुढं काय आहे ते मला शेवटपर्यंत लागलं नाही. जळाली, चालू, बंद, काहीही बसू शकतं. मुलगा म्हणाला, "त्या उन्हाळ्यात मोटर जळाली होती, तेच असेल." असेलही. पण पान जुलैचं आहे. फोटोची मूळ फाइल आणि वहीचा पान क्रमांक टिपांच्या खाली लिहून ठेवला आहे, म्हणजे ज्याला लागेल त्याला पुन्हा बघता येईल.